फळ्यावरच्या फोटोतून वहीतल्या पायऱ्यांपर्यंत

भाचीने रात्री साडेनऊला फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती : "मामा, उद्या ड्राय रन विचारणारेत, हे जरा मराठीत सांग ना." फोटो मागच्या बाकावरून काढलेला होता. फळा तिरका आलेला, ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका मधल्या ओळीवर, आणि डाव्या कडेला पुढच्या मुलाचं डोकं. डोक्यामुळे प्रत्येक ओळीची सुरुवात कुठून होते, तेच दिसत नव्हतं. असे फोटो आता प्रत्येक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. त्यातल्या स्यूडोकोडच्या साध्या, आकडे घातलेल्या पायऱ्या कशा करायच्या आणि त्या बरोबर उतरल्यात की नाही हे ट्रेस टेबलने कसं ताडून बघायचं, ते या एका फोटोच्या आधाराने सांगतो. फोटोतला अल्गोरिदम इन्सर्शन सॉर्टचा होता.

पहिलं काम उतरवून काढण्याचं. इथे बहुतेक जण घाई करतात. कोड ओळखीचा वाटतो, म्हणून जे दिसत नाही तेही मनाने भरत जातात आणि आपण काय वाचलं, काय गृहीत धरलं, याचा हिशोब हरवतो. फोनमधली फोटोतून मजकूर उचलण्याची सोय इथे फारशी कामाची नाही. ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा बरेचदा तिच्या हाती लागत नाही, आणि स्यूडोकोडमध्ये निम्मा अर्थ त्या जागेत असतो. म्हणून हाताने उतरवा. जिथे शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि ओळींना क्रमांक द्या. भाचीचा फोटो मी असा उतरवला :

```
1  for ? = 2 to n
2  key = A[?]
3  i = ? - 1
4  while i ??? and A[i] > key
5  A[i + 1] = A[i]
6  i = i - ?
7  A[i + 1] = key
```

सगळ्या ओळी मुद्दाम एकाच रेषेत ठेवल्यात, कारण कुठली ओळ किती आत आहे हे मला दिसत नव्हतं. आता प्रश्नचिन्हं एकेक करून सोडवायची, आणि प्रत्येक वेळी पुरावा कोडातूनच काढायचा.

पहिली तीन प्रश्नचिन्हं एकाच अक्षराची आहेत. घाईत लिहिलेले `i`, `j` आणि `1` दुरून सारखेच दिसतात. पण कोडात दोन वेगवेगळी कामं चाललेली आहेत. एक चल बाहेरच्या फेरीबरोबर एकेक घर पुढे जातो, आणि दुसरा आतल्या फेरीत मागे मागे सरकतो. मागे सरकणारा `i` आहे हे सहाव्या ओळीत स्पष्ट दिसतं. मग पुढे जाणारा त्याच नावाचा असूच शकत नाही, नाहीतर आतली फेरी बाहेरच्या फेरीचा आकडाच बिघडवून टाकेल. म्हणून पहिल्या तिन्ही ठिकाणी `j`. सहाव्या ओळीत मात्र `1`, कारण `i - i` म्हणजे शून्य, आणि तसं असेल तर एका पावलात सगळं ओलांडून थेट यादीच्या बाहेर जाणं होईल.

इथे एक सावधगिरी. नावांवर भरवसा ठेवू नका, कामावर ठेवा. कॉर्मेन, लाइझरसन, रिव्हेस्ट आणि स्टाइन यांचं अल्गोरिदमचं जाडजूड पुस्तक बऱ्याच शिक्षकांच्या टेबलावर असतं. त्याच्या २००९च्या तिसऱ्या आवृत्तीत इन्सर्शन सॉर्टची बाहेरची फेरी `j`ची आणि आतली `i`ची आहे. २०२२च्या चौथ्या आवृत्तीत नेमकं उलट केलं आहे. एकाच वर्गातल्या दोघींनी दोन आवृत्त्यांचे फोटो काढले, तर दोघींच्या वह्या एकमेकींच्या विरुद्ध दिसतील आणि तरी दोघी बरोबर असतील. एका फोटोतली अस्पष्ट ओळ दुसऱ्या फोटोतून जशीच्या तशी उचलली, तर मात्र घोळ होतो.

आता चौथ्या ओळीवरचा प्रकाशाचा पट्टा. `while i` नंतर काहीतरी अट आहे, पण दिसत नाही. ती अट `i` यादीच्या बाहेर जाऊ नये यासाठीची असणार. मग यादी कुठून सुरू होते, हा प्रश्न येतो. काही पुस्तकं घरं १ पासून मोजतात, काही ० पासून. याचा पुरावा पहिल्या ओळीत आहे. फेरी `2 to n` अशी आहे. घरं ० पासून असती, तर शेवटचं घर `n - 1` झालं असतं आणि `n` हे घर अस्तित्वातच नसतं. म्हणजे मोजणी १ पासून आहे, आणि झाकलेली अट `i > 0`. ० पासूनच्या मोजणीत हीच जोडी `1 to n - 1` आणि `i >= 0` अशी दिसली असती. फेरीची सुरुवात, फेरीचा शेवट आणि `while`मधली अट ही तिन्ही टोकं एकाच मोजणीची असली पाहिजेत. त्यातलं एक जरी दुसऱ्या मोजणीचं निघालं, तर फोटो वाचण्यात किंवा फळ्यावर उतरवण्यात चूक झाली आहे असं समजा.

उरला ओळींच्या आत-बाहेरचा प्रश्न. तो सर्वांत अवघड, आणि त्याचं पूर्ण उत्तर टेबलाशिवाय मिळत नाही. म्हणून तूर्त सर्वांत पटणारी मांडणी घेऊ आणि शेवटी तिच्यावरच उलटतपासणी करू :

```
1  for j = 2 to n
2      key = A[j]
3      i = j - 1
4      while i > 0 and A[i] > key
5          A[i + 1] = A[i]
6          i = i - 1
7      A[i + 1] = key
```

आता साध्या पायऱ्या. इथे मोह होतो तो एका वाक्यात उरकण्याचा : प्रत्येक आकडा घ्या आणि डावीकडच्या आकड्यांत योग्य जागी बसवा. हे खोटं नाही, पण या वाक्यावरून कुणाला टेबल भरता येणार नाही. योग्य जागा कशी सापडते, हेच तर सगळं कोड सांगतंय. पत्त्यांच्या डावात आपण हातातले पत्ते असेच लावतो, हे उदाहरण बहुतेक शिक्षक देतात. ते चांगलं आहे, पण एका जागी फसवतं. पत्त्यांमध्ये फट पाडली की बाकीचे पत्ते आपोआप सरकतात. इथे काहीही आपोआप सरकत नाही, एकेक आकडा शेजारच्या घरात उतरवावा लागतो.

मी भाचीला तीन वस्तू घ्यायला सांगितल्या. चौकोन आखलेला कागद म्हणजे यादीची घरं. एक कोरी चिठ्ठी म्हणजे `key`. आणि डाव्या हाताचं बोट म्हणजे `i`. `j`ला आम्ही 'चालू घर' म्हटलं. एकदा ही नावं ठरली की पायऱ्यांमध्ये दुसरं नाव वापरायचं नाही. एका पायरीत 'चिठ्ठी' आणि पुढच्या पायरीत 'उचललेला आकडा' असं लिहिलं, तर वाचणारा दोन वेगळ्या वस्तू शोधत बसतो. पायऱ्या अशा झाल्या :

१. दुसऱ्या घराला चालू घर म्हणा.
२. चालू घर यादीच्या बाहेर गेलं असेल, तर थांबा. काम झालं.
३. चालू घरातला आकडा चिठ्ठीवर उतरवा. घरातला पुसू नका.
४. चालू घराच्या लगेच डावीकडच्या घरावर बोट ठेवा.
५. बोट पहिल्या घराच्याही डावीकडे, यादीबाहेर गेलं असेल, तर पायरी ९ वर जा.
६. बोटाखालचा आकडा चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा मोठा नसेल, म्हणजे लहान किंवा तेवढाच असेल, तर पायरी ९ वर जा.
७. बोटाखालचा आकडा लगेच उजवीकडच्या घरात उतरवा. तिथे जे होतं ते गेलं.
८. बोट एक घर डावीकडे न्या आणि पायरी ५ वर परत जा.
९. बोटाच्या लगेच उजवीकडच्या घरात चिठ्ठीवरचा आकडा लिहा.
१०. चालू घर एकाने पुढे न्या आणि पायरी २ वर परत जा.

सात ओळींच्या दहा पायऱ्या का झाल्या? कारण `for` ही एक ओळ दिसली तरी ती तीन कामं करते : सुरुवात ठरवणं, संपलं का ते बघणं आणि पुढे जाणं. ती पहिल्या, दुसऱ्या आणि दहाव्या पायरीत विखुरली. माझ्या पहिल्या खर्ड्यात संपलं का ते बघायची पायरी मी शेवटी ठेवली होती. चालू घर शेवटचं असेल तर थांबा, नाहीतर पुढे जा, अशी. वाचायला ती सरळ वाटते. पण यादीत एकच आकडा असेल, तर दुसरं घरच नाही, आणि तिसऱ्या पायरीत आपण नसलेल्या घरातला आकडा उतरवायला जातो. मूळ `for` मात्र `2 to 1` बघून आत शिरतच नाही. पायऱ्या लिहून झाल्या की एका आकड्याची यादी त्यांतून मनातल्या मनात चालवून बघा. वीस सेकंदांचं काम आहे.

चौथी ओळ पाचव्या आणि सहाव्या पायरीत गेली, आणि बहुतेक वह्या इथेच चुकलेल्या सापडतात. `while` सांगतं की आत कधी राहायचं. पायरीत आपण सांगतो की बाहेर कधी पडायचं. म्हणजे अट उलटावी लागते. 'मोठा असेल तोवर'चं उलट 'लहान असेल तर' असं लिहिण्याची सवय सगळ्यांनाच आहे, पण उलट 'मोठा नसेल तर' असं होतं, आणि त्यात समान आकडाही येतो. शिवाय `and`ने जोडलेल्या दोन अटींपैकी एक मोडली तरी बाहेर पडायचं असतं, म्हणून बाहेर पडण्याच्या दोन स्वतंत्र पायऱ्या झाल्या. त्यांचा क्रमही बदलायचा नाही. बोट यादीबाहेर असताना बोटाखालचा आकडा विचारणं निरर्थक आहे, म्हणून आधी बोट कुठे आहे ते बघायचं आणि मगच तुलना करायची. `and`ची डावी बाजू खोटी निघाली तर उजवीकडे बघायचंच नाही, असं स्यूडोकोडमध्ये धरलेलं असतं.

टेबलाकडे वळण्याआधी नमुन्याची यादी निवडायला हवी, आणि ती डोळे मिटून निवडू नये. ५, ४, ३, २, १ अशी यादी घेतली, तर प्रत्येक आकडा पार पहिल्या घरापर्यंत जातो आणि सहावी पायरी बाहेर पडण्यासाठी एकदाही वापरली जात नाही. १, २, ३, ४, ५ घेतली तर सातवी पायरीच येत नाही. यादीत एक आकडा जागचा न हलणारा हवा, एक मधेच थांबणारा, एक थेट पहिल्या घरात जाणारा आणि एक जोडी समान आकड्यांची. आम्ही ७, ४, ९, ४, २ घेतली. दोन चारांमध्ये गोंधळ नको म्हणून पहिल्याला ४क आणि दुसऱ्याला ४ख म्हटलं. तुलना करताना दोन्ही चारच आहेत, अक्षर फक्त आपल्या नजरेसाठी. पाच आकडे पुरतात, कारण वाईटात वाईट यादीतही तुलना दहाच होतात. दहा आकडे घेतले तर त्या पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात, आणि तेवढ्या ओळींत माणूस कंटाळून चुकतो.

टेबलाची नवी ओळ कधी टाकायची, हा नियम आधीच ठरवा. प्रत्येक पायरीला एक ओळ दिली तर टेबल वहीत मावत नाही. बाहेरच्या प्रत्येक फेरीला एक ओळ दिली तर चूक नेमकी जिथे होते तोच भाग दिसत नाही. आम्ही नियम केला की पाचव्या पायरीवर जितक्यांदा येऊ, तितक्या ओळी. बोटाचा रकाना तपासणीच्या वेळचा, आणि यादीचा रकाना त्या ओळीतलं लिखाण झाल्यानंतरचा.

| ओळ | चालू घर `j` | चिठ्ठी `key` | बोट `i` | तपासणी | काय लिहिलं | यादी |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | २ | ४क | १ | ७ > ४, हो | ७ दुसऱ्या घरात | ७ ७ ९ ४ख २ |
| २ | २ | ४क | ० | बोट बाहेर | ४क पहिल्या घरात | ४क ७ ९ ४ख २ |
| ३ | ३ | ९ | २ | ७ > ९, नाही | ९ तिसऱ्या घरात | ४क ७ ९ ४ख २ |
| ४ | ४ | ४ख | ३ | ९ > ४, हो | ९ चौथ्या घरात | ४क ७ ९ ९ २ |
| ५ | ४ | ४ख | २ | ७ > ४, हो | ७ तिसऱ्या घरात | ४क ७ ७ ९ २ |
| ६ | ४ | ४ख | १ | ४ > ४, नाही | ४ख दुसऱ्या घरात | ४क ४ख ७ ९ २ |
| ७ | ५ | २ | ४ | ९ > २, हो | ९ पाचव्या घरात | ४क ४ख ७ ९ ९ |
| ८ | ५ | २ | ३ | ७ > २, हो | ७ चौथ्या घरात | ४क ४ख ७ ७ ९ |
| ९ | ५ | २ | २ | ४ > २, हो | ४ख तिसऱ्या घरात | ४क ४ख ४ख ७ ९ |
| १० | ५ | २ | १ | ४ > २, हो | ४क दुसऱ्या घरात | ४क ४क ४ख ७ ९ |
| ११ | ५ | २ | ० | बोट बाहेर | २ पहिल्या घरात | २ ४क ४ख ७ ९ |

पहिल्याच ओळीवर भाची अडली. "मामा, सात दोनदा आला आणि चार गायब झाला, चुकलं ना?" चुकलेलं नाही. ४क त्या क्षणी फक्त चिठ्ठीवर आहे, आणि चिठ्ठी त्यासाठीच होती. पण इथे मुलं टेबल 'सुधारतात'. कुणी रिकामी चौकट काढतं, कुणी सात आणि चारची अदलाबदल करून ४क ७ ९ ४ख २ असं लिहून मोकळं होतं. अदलाबदल ही वेगळी क्रिया आहे, आणि कोडाच्या पाचव्या ओळीत ती कुठेही नाही. तिथे फक्त उतरवून ठेवणं आहे. टेबलात मनाने काहीही नीट करायचं नाही. आकडा दोनदा दिसत असेल तर दोनदाच लिहायचा.

तिसऱ्या ओळीत नऊ उचलून चिठ्ठीवर घेतला आणि होता तिथेच परत लिहिला. हे वायफळ दिसतं, म्हणून काही जण ती ओळच गाळतात. गाळू नका. कोड तो आकडा खरोखरच लिहितं, आणि ही ओळ नसेल तर पुढची मोजणी जुळणार नाही.

ती मोजणी अशी. टेबल भरून झाल्यावर यादी चढत्या क्रमाने लागली एवढ्यावर थांबू नका. मूळ यादीकडे परत जा आणि अशा जोड्या मोजा की ज्यांत आधी आलेला आकडा नंतरच्यापेक्षा मोठा आहे. सातच्या पुढे त्याच्याहून लहान तीन आकडे आहेत : दोन चार आणि एक दोन. ४कच्या पुढे फक्त दोन लहान आहे, म्हणजे एक जोडी. नऊच्या पुढे ४ख आणि दोन, म्हणजे दोन जोड्या. ४खच्या पुढे दोन, म्हणजे एक. एकूण सात. आता टेबलातल्या 'हो' मोजा : पहिल्या ओळीत एक, चौथ्या-पाचव्यात दोन, सातव्यापासून दहाव्यापर्यंत चार. तेही सात. इन्सर्शन सॉर्टमध्ये प्रत्येक 'हो' अशी एक उलटी जोडी सरळ करतो, ना कमी ना जास्त, म्हणून हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत. शिवाय टेबलाच्या प्रत्येक ओळीत एकतर आकडा सरकतो किंवा चिठ्ठीवरचा आकडा खाली उतरतो. सरकणी सात, चिठ्ठी चारदा उतरली, म्हणून ओळी अकरा. जोड्यांची मोजणी टेबलावर अवलंबून नाही, म्हणूनच ती टेबलाची साक्ष देऊ शकते.

समान आकडे यादीत का घेतले, तेही आता कळेल. समजा फोटोत चौथ्या ओळीतलं `>` हे चिन्ह आपण `≥` असं वाचलं. मग टेबलाच्या सहाव्या ओळीत ४ ≥ ४ हे खरं ठरेल, ४क दुसऱ्या घरात सरकेल, बोट बाहेर जाईल आणि ४ख पहिल्या घरात बसेल. शेवटची यादी २ ४ख ४क ७ ९ होईल. नुसते आकडे बघितले तर उत्तर तेच, २ ४ ४ ७ ९. पण सरकणी आठ होतील, ओळी बारा होतील आणि जोड्यांची संख्या सातच राहील. न जुळणारा तो एक आकडा चिन्ह चुकल्याचं सांगतो. समान आकड्यांचा मूळ क्रम टिकतो का, हा प्रश्न परीक्षेत स्वतंत्रपणेही विचारतात, आणि त्याचं उत्तर या एका चिन्हावर अवलंबून आहे.

आता राहिलेली उलटतपासणी, ओळींच्या आत-बाहेरची. फोटोत डोकं आडवं आलेलं असल्यामुळे सहावी आणि सातवी ओळ कुठल्या फेरीत आहे, हे आपण गृहीत धरलं होतं. दुसऱ्या शक्यता टेबलात चालवून बघू.

सहावी ओळ `while`च्या बाहेर असेल, तर बोट आत कधीच हलत नाही. टेबलाची पहिली ओळ ७ > ४, हो. दुसरी ओळही ७ > ४, हो. तिसरीही तीच. टेबलात दोन ओळी जशाच्या तशा आल्या, बोटासकट, की फेरी संपणार नाही हे तिथेच कळतं.

सातवी ओळ `for`च्याही बाहेर असेल, म्हणजे सगळं झाल्यावर एकदाच चालणार असेल, तर निकाल मजेशीर येतो. पहिल्या फेरीनंतर यादी ७ ७ ९ ४ २ अशीच राहते, आणि पुढच्या फेरीत चिठ्ठीवर नऊ लिहिला की ४क कायमचा गेला. चौथ्या घराच्या फेरीअखेर ७ ७ ७ ९ २ होतं, आणि ४खही गेला. पाचव्या घराच्या फेरीत सगळं उजवीकडे सरकून सर्वांत शेवटी पहिल्या घरात दोन लिहिला जातो : २ ७ ७ ७ ९. बघा, ही यादी चढत्या क्रमात आहे! जो फक्त क्रम बघतो तो इथे बरोबरची खूण करून मोकळा होईल. म्हणून शेवटच्या यादीत मूळचेच आकडे आहेत का, तितक्याच वेळा आहेत का, हे एकेक खोडून बघायचं.

तिसरी शक्यता सर्वांत चतुर. सातवी ओळ `while`च्या आत, सहावीच्या खाली असेल तर? टेबलाच्या पहिल्या ओळीत सात दुसऱ्या घरात जाईल, बोट शून्यावर जाईल आणि लगेच ४क पहिल्या घरात लिहिला जाईल. चौथ्या ओळीत नऊ चौथ्या घरात आणि ४ख लगेच तिसऱ्यात. पाचव्यात सात तिसऱ्या घरात आणि ४ख पुन्हा दुसऱ्यात. शेवट २ ४क ४ख ७ ९, अगदी बरोबर. सरकणीही सातच. म्हणजे हा बदल ना निकालात दिसतो, ना जोड्यांच्या मोजणीत. फरक पडतो तो लिखाणाच्या संख्येत. आपल्या मांडणीत सात सरकण्या आणि चार वेळा चिठ्ठी, मिळून अकरा लिखाणं. या मांडणीत प्रत्येक सरकणीबरोबर चिठ्ठीही लिहायची, म्हणून चौदा. आणि आकडा दोनदा दिसण्याचा प्रकार कुठल्याही ओळीच्या अखेरीस उरत नाही. ही मांडणी चुकीची नाही, पण फळ्यावरची ती नसेल तर परीक्षेतलं टेबल वेगळं येईल. इथे टेबल निर्णय देऊ शकत नाही, फोटोच लागतो. डोकं कितीही आडवं आलं, तरी पाचव्या आणि सातव्या ओळीच्या शेवटाकडे बघा. लिहिणारा हात सहसा अक्षरांमध्ये सारखं अंतर ठेवतो. `A[i + 1] = A[i]` आणि `A[i + 1] = key` या दोन्ही ओळींतला `=` फळ्यावर एकाखाली एक येतो की डावीकडे सरकलेला असतो, त्यावरून ओळ कुठे सुरू झाली याचा अंदाज बांधता येतो. आमच्या फोटोत सातव्या ओळीतला `=` चांगला दोन बोटं डावीकडे होता. म्हणजे ती ओळ `while`च्या बाहेर.

एक मर्यादा सांगून ठेवतो. हे टेबल इन्सर्शन, बबल आणि सिलेक्शन या तीन सॉर्टना चालतं, फक्त रकाने आणि ओळीचा नियम बदलावा लागतो. जोड्यांची मोजणी बबल सॉर्टलाही लागू पडते, कारण तिथे शेजारच्या दोघांची प्रत्येक अदलाबदल एकच उलटी जोडी सरळ करते. सिलेक्शन सॉर्टला ती लावू नका. तिथे दूरच्या घरांची अदलाबदल होते आणि एका फटक्यात कितीही जोड्या बदलतात. मर्ज सॉर्टचा फोटो आला तर या चौकटीत तो मावणार नाही, कारण तो स्वतःलाच पुन्हा बोलावतो. त्याला टेबलाआधी झाडासारखी आकृती लागते.

साडेदहाच्या सुमारास भाचीने दुसरा फोटो पाठवला, पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीकडून मागवलेला. त्यात प्रकाशाचा पट्टा नव्हता आणि चौथी ओळ स्वच्छ दिसत होती. सरांनी `i > 0` लिहिलंच नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं `i ≥ 1`. ती घाबरली, सगळं पुन्हा करायचं का म्हणाली. मी तिला फक्त दुसरी आणि अकरावी ओळ परत बघायला सांगितलं. बोट शून्यावर असताना दोन्ही अटी खोट्या, एकवर असताना दोन्ही खऱ्या, आणि बोट अर्ध्या घरावर कधी थांबत नाही. टेबलातला एकही आकडा बदलला नाही.